विषय: 29 नोव्हेंबरचा रद्द झालेला कार्यक्रम, बुकिंग क्रमांक 4738206, 5,900 रुपयांचा रिफंड अजून जमा नाही

प्रति,
व्यवस्थापक, तिकीट विभाग

नमस्कार,

29 नोव्हेंबर 2025 रोजी संध्याकाळी 6 वाजता कोथरूडला ठरलेल्या आपल्या नाट्यसंगीताच्या मैफलीची मी चार तिकिटं काढली होती. रांग ‘क’, आसन 11 ते 14. 2 नोव्हेंबरला तुमच्या संकेतस्थळावरून बुकिंग केलं आणि यूपीआयने 5,900 रुपये भरले. कार्यक्रम झाला नाही. आज 21 जानेवारी 2026. पैसे आलेले नाहीत.

याआधी मी फोन केले, व्हॉट्सॲपवर विचारलं, दोन ईमेलही पाठवले. प्रत्येक वेळी उत्तर देणारी व्यक्ती वेगळी आणि उत्तरही वेगळं. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे. हा ईमेल आपल्याकडे निर्णय घेणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचवावा ही विनंती.

कार्यक्रम रद्द झाल्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी सांगते. गायिकेचा आवाज बसला, डॉक्टरांनी गायला मनाई केली, असं तुमच्या मेसेजमध्ये होतं. गाणाऱ्या माणसाचा गळा बसला तर कुणाचाच इलाज चालत नाही, आणि बसल्या गळ्याने त्यांनी गावं असं आमच्यापैकी कुणालाच वाटणार नाही. त्यांची तब्येत आता सुधारली असेल अशी मनापासून आशा आहे.

पण तो मेसेज आला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. तोपर्यंत माझी मावशी साताऱ्याहून एसटीने स्वारगेटला उतरली होती. माझे वडील 82 वर्षांचे आहेत, वॉकर घेऊन चालतात. सवाईच्या मंडपात तासन्‌तास बसणं त्यांना आता झेपत नाही, म्हणून तीन तासांची, बंद नाट्यगृहातली, कडेच्या खुर्चीची ही मैफल मी मुद्दाम निवडली होती. बाबा तयार होऊन बसले होते. मावशीला घ्यायला गेलेल्या माझ्या नवऱ्याने मेसेज वाचला, पण त्यात रिफंडबद्दल एक अक्षर नव्हतं आणि तुमचा फोन लागत नव्हता. म्हणून ते दोघं तसेच नाट्यगृहावर गेले.

तिथे तिकीट खिडकीच्या काचेवर एक कागद सेलोटेपने चिकटवलेला होता, त्यावर मार्करने ‘आजचा कार्यक्रम रद्द’ एवढंच लिहिलं होतं. तुमचा एकही माणूस हजर नव्हता. नाट्यगृहाचा वॉचमन येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगत होता आणि लोक त्यालाच बोलत होते. त्या माणसाचा काय दोष? त्याच्याकडे कुणाचा नंबरही दिलेला नव्हता. गर्दीत बरीच वयस्कर मंडळी होती. त्यांतल्या काहींकडे साधा फोन होता, काहींनी मेसेज पाहिलाच नव्हता. निदान एक कार्यकर्ता तिथे तासभर उभा करायला हवा होता.

आता पैशांचं. 30 नोव्हेंबरला तुमचा ईमेल आला की तिकिटाची पूर्ण रक्कम 7 ते 10 कामकाजाच्या दिवसांत मूळ खात्यात जमा होईल. ‘पूर्ण रक्कम’ हे शब्द तुमचे आहेत. त्या हिशेबाने 12 डिसेंबरपर्यंत पैसे यायला हवे होते. 18 डिसेंबरला उत्तर आलं की रिफंड इनिशिएट केला आहे, बँकेकडे चौकशी करा. मी बँकेत जाऊन चौकशी केली. त्यांनी स्टेटमेंट काढून दाखवलं, तुमच्याकडून काहीही आलेलं नाही. पैसे खरंच निघाले असतील तर त्या व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक द्या, त्यावरून रक्कम कुठे अडकली ते शोधता येईल, असं तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं. तो क्रमांक मी तुमच्याकडे लगेच मागितला. आजवर मिळालेला नाही. यूपीआयने पैसे परत पाठवले की हा क्रमांक तयार होतोच. तो देता येत नसेल तर पैसे पाठवलेलेच नाहीत, असाच अर्थ मी घेते.

त्यानंतर 8 जानेवारीला तिसरंच उत्तर आलं. रिफंडऐवजी 4,800 रुपयांचं कूपन, 31 मार्चपर्यंत तुमच्या कोणत्याही कार्यक्रमाला चालेल. जीएसटी आणि बुकिंग फी परत मिळणार नाही. हे मला मान्य नाही. का ते सांगते.

तिकीट 1,200 रुपयांचं, त्यावर 18 टक्के जीएसटी 216, म्हणजे एका तिकिटाचे 1,416 आणि चारांचे 5,664. वर बुकिंग फी करासह 236. एकूण 5,900. हे सगळे पैसे माझ्या खात्यातून एकाच वेळी गेले आहेत आणि तुमच्याकडेच आले आहेत. जीएसटी सरकारजमा झाला म्हणून परत देता येत नाही, हे कारण टिकणारं नाही. सेवा दिलीच गेली नसेल तर जीएसटी कायद्याच्या कलम 34 नुसार क्रेडिट नोट काढून तो कर तुमच्या देय करातून वळता करून घेता येतो. 2025-26 मधल्या व्यवहारासाठी 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत मुदत आहे. तुमच्या सीएंना विचारा, ते दोन मिनिटांत सांगतील. बुकिंग फीचं म्हणाल, तर दुसऱ्या कुठल्या ॲपवर तिकीट काढलं असतं तर ती फी त्यांनी घेतली असं म्हणता आलं असतं. इथे तिकीटही तुम्हीच विकलं आणि कार्यक्रमही तुम्हीच रद्द केला.

कूपन मी मागितलेलं नाही. ज्या गायिकेसाठी आम्ही तिकिटं काढली त्यांचा मार्चपर्यंत तुमच्याकडे कार्यक्रम नाही, हे तुमच्याच जाहिरातीवरून दिसतं. बाबांची तब्येत बघता दोन महिन्यांनंतरचं मी आज ठरवू शकत नाही. आणि चारांतल्या दोन तिकिटांचे पैसे मावशीने दिले होते. पेन्शनवर राहणाऱ्या बाईने स्वतःहून माझ्या हातात नोटा ठेवल्या होत्या. तिला मी कूपन कसं देऊ? तिचे पैसे मी माझ्या खिशातून कधीच देऊन टाकले आहेत, त्यामुळे आता वाट पाहायची आहे ती मला एकटीलाच. तरीही सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण हे असं अनेक घरांत झालं असणार.

फोनवर तुमच्या एका सहकाऱ्यांनी अडचण मोकळेपणाने सांगितली, त्याबद्दल त्यांचे आभार. नाट्यगृहाचं भाडं, साउंडवाल्यांचा ॲडव्हान्स, वादकांचं मानधन, यांतलं बरंचसं अजून परत आलेलं नाही म्हणून रिफंड थांबले आहेत, असं ते म्हणाले. अडचण खरी असेल. संगीताचे कार्यक्रम करणं आतबट्ट्याचं आहे हे पुण्यात राहून मलाही दिसतं. पण ते व्यवहार तुमचे आणि त्या मंडळींचे आहेत. पडदा उघडत नाही तोवर तिकिटाचे पैसे प्रेक्षकांचेच असतात, तुमच्याकडे ते फक्त ठेवलेले असतात. शिवाय फेब्रुवारीतल्या नव्या कार्यक्रमाचं बुकिंग तुम्ही सुरू केलं आहे. जुन्या प्रेक्षकांचे पैसे अडकलेले असताना नव्या प्रेक्षकांकडून पैसे घेणं मला अत्यंत चुकीचं वाटतं.

कायद्याचंही सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको. भारतीय करार कायदा, 1872 मधल्या कलम 65 खाली जी उदाहरणं दिली आहेत त्यांतलं एक नेमकं मैफलीचंच आहे. गायकाने हजार रुपये आगाऊ घेतले आणि आजारपणामुळे त्याला गाता आलं नाही, तर आयोजकाचा बुडालेला नफा भरून देण्याचं बंधन त्याच्यावर नाही, पण घेतलेले हजार रुपये त्याने परत केलेच पाहिजेत. तुमचा आणि माझा व्यवहार याच मापाने मोजायचा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) मध्ये सदोष सेवेचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात असं बंधन आहे, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव संकेतस्थळावर द्यावं लागतं. तुमच्या संकेतस्थळावर ते मला सापडलं नाही.

माझी मागणी साधी आहे. शुक्रवार, 30 जानेवारी 2026 पर्यंत 5,900 रुपये पूर्ण, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात जमा करावेत आणि त्याचा संदर्भ क्रमांक याच ईमेलवर कळवावा. व्याज, रिक्षाचं भाडं, मावशीचा एसटीचा खर्च यांतलं काहीही मी आज मागत नाही.

तोपर्यंत पैसे आले नाहीत तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तिथे मात्र व्याज आणि मनस्तापाची भरपाई दोन्ही मागेन. हे धमकी म्हणून लिहिलेलं नाही. दोन महिने होत आले, आता माझ्याकडे दुसरा मार्ग उरलेला नाही, म्हणून आधी कळवते आहे.

आणखी एक विनंती आहे, ती माझ्या पैशांसाठी नाही. त्या संध्याकाळी नाट्यगृहाबाहेर माझ्या नवऱ्याला एक आजी-आजोबा भेटले. त्यांनी खिडकीवर रोख पैसे देऊन तिकिटं घेतली होती. तिकिटाचा अर्धा भाग घेऊन ऑफिसात या, असं त्यांना नंतर फोनवर सांगितलं गेलं, पण ऑफिस कुठे ते सांगितलं नाही. तिकिटावरही पत्ता नाही. अशा लोकांकडे ना तुमचा ईमेल आहे ना बुकिंग क्रमांक. त्यांच्यासाठी त्याच नाट्यगृहाच्या खिडकीवर एखाद्या शनिवार-रविवारी तुमचा माणूस बसवा, आणि तारीख वर्तमानपत्रात, जिथे कार्यक्रमाची जाहिरात दिली होती तिथेच छापा. त्यांच्या तिकिटाचे पैसे आमच्याइतकेच खरे आहेत.

सोबत तिकिटांची पीडीएफ, यूपीआय पेमेंटचा स्क्रीनशॉट, तुमची 30 नोव्हेंबर, 18 डिसेंबर आणि 8 जानेवारीची उत्तरं, आणि 2 नोव्हेंबर ते 20 जानेवारीचं बँक स्टेटमेंट जोडलं आहे. उत्तर कृपया लेखीच द्यावं, फोनवर नको.

आपली,
मीनल
सहकारनगर, पुणे