स्टार्टर

(कथालेखन स्पर्धा, इयत्ता नववी. पहिले वाक्य वर्गात दिलेले.)

रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि अचानक आमच्या गल्लीतली लाईट गेली.

पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला. सुभाषनगरात वळवाचा पहिला वारा सुटला की लाईट जाणारच, त्यामुळं कुणी दचकलं नाही. शेजारची पोरं मात्र "गेली रेऽऽ" म्हणून अशी ओरडली, जणू त्यांनीच घालवली. बाबा वायरमनला फोन लावत बाहेर गेले. आई म्हणाली, "मी कट्ट्यावर बसतो जरा, आत जीव उकडतोय." (बाई, आमच्यात बायका-मुलीसुद्धा 'मी बसतो', 'मी जातो' असंच म्हणतात. चूक काढू नका.)

आज्जानं हातातली आरी खाली ठेवली. "पंखा थांबला म्हंजे गेलीच," तो म्हणाला आणि भिंतीला टेकला.

आमचा आज्जा कापशी चप्पल करतो. पंचावन्न वर्षं झाली. त्याच्या चपलेत एक खिळा सापडणार नाही. आरीनं भोक पाडायचं, भिजवलेली वादी त्यातून ओवायची आणि दातात धरून ओढायची. डाव्या अंगठ्याची कातडी तर चपलेच्या तळासारखीच झाली आहे. लहानपणी मी त्यावर टिचक्या मारायचे. आवाज यायचा.

त्या आठवड्यात महाद्वार रोडच्या एका दुकानाची बारा जोडांची ऑर्डर होती. सकाळपर्यंत द्यायची होती आणि तीन जोड राहिले होते. त्याआधीच्या ऑर्डरमध्ये घोटाळा झाला होता. एका जोडात डाव्या चपलेला लाल गोंडा आणि उजवीला पिवळा. दुकानदारानं पूर्ण गठ्ठा परत पाठवला. गोंडे हातात द्यायचं काम माझं, म्हणून बोलणी मी खाल्ली. "डोळे कुठं होते तुझे?" बाबा म्हणाले होते. मला पक्कं आठवत होतं, मी दोन्ही लालच दिले होते. पण आज्जा खाली मान घालून वादी ओढत राहिला, काही बोलला नाही. मला त्याचा राग आला होता. दोन दिवस मी त्याला चहासुद्धा नेऊन दिला नाही.

अंधारात आम्ही दोघंच बसलो होतो. भिजलेल्या कातड्याचा वास लाईट नसली की जास्तच येतो. आज्जा आपला म्हाताऱ्या बैलाची जुनीच गोष्ट सांगत होता. मी हूं हूं करत होते.

अर्ध्या तासानं पंखा घरघरला. बाहेर पोरं "आली रेऽऽ" म्हणून ओरडली. आज्जानं लगेच चप्पल मांडीवर घेतली आणि चाचपत आरी उचलली.

"आता कसं लख्ख दिसतंय," तो म्हणाला.

मी वर बघितलं. ट्यूब लागलीच नव्हती. नुसती दोन टोकं लाल होऊन राहिली होती. तिचा स्टार्टर महिनाभर असाच त्रास देत होता. आतल्या खोलीतल्या बल्बचा थोडा उजेड पडद्याच्या फटीतून येत होता, तोही माझ्या पायापर्यंतच. आज्जा ज्या कोपऱ्यात बसला होता तिथं मला त्याचं तोंडही दिसत नव्हतं. आणि त्याची आरी मात्र टचटच चालली होती.

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग एकेक आठवायला लागलं. पेपर मलाच वाचायला लावायचा, का तर 'तुझा आवाज चांगला हाय'. चष्मा नेहमी सापडत नसायचा, आणि सापडला तरी खिशातच राहायचा. आणि तो लाल-पिवळा जोड.

मी स्टुलावर चढले.

"काय करतीस गं वर?"

"जळमट काढतो, आज्जा."

स्टार्टर थोडा फिरवला. ट्यूब दोनदा फडफडली आणि भक्कन लागली. माझे डोळे दिपले. आज्जानं पापणीसुद्धा हलवली नाही. त्याचा अंगठा वेणीवरून पुढं सरकत होता, एकेक पेड मोजत.

बाहेरून बाबांनी विचारलं, "किती ऱ्हायल्यात?"

"झालंच की," आज्जा म्हणाला आणि माझ्याकडं हात पसरला. माझ्याकडं म्हणजे, स्टुलाकडं. मी उतरून बाजूला आले होते.

मी डब्यातून गोंडा काढला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला. हळूच, बाबांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "आज्जा, ह्यो लाल."

आरी थांबली.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

मी दुसरा काढून दिला. काही बोलले नाही. त्यानं तो हातात घेतला, चिमटीत फिरवला, परत फिरवला. पंखा घरघरत होता.

"ह्यो बी लालच न्हवं?" त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं.

"व्हय, आज्जा."

त्यानं गोंडा ओवला. वादी दातात धरून करकचून ओढली.

"पिवळा असला तरी सांगत जा," तो म्हणाला.