दहावीनंतरच्या करिअर मार्गदर्शन सत्राबाबत पालकांना पत्र

दिनांक : ३० मार्च २०२६

प्रति,
इयत्ता दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांचे माननीय पालक

विषय : शनिवार, दिनांक ११ एप्रिल २०२६ रोजीचे करिअर मार्गदर्शन सत्र

सस्नेह नमस्कार.

दहावीची बोर्डाची परीक्षा पार पडली असून निकाल लागेपर्यंतचा काळ आपल्या घरात सध्या दोन प्रकारे जात असेल. मुले दमून निवांत झाली असतील आणि आपल्याला मात्र पुढच्या प्रवेशाची काळजी लागली असेल. निकाल लागला की सगळ्या गोष्टी एकदम अंगावर येतात. अकरावीचा ऑनलाइन अर्ज, पसंतीक्रम, दाखल्यांची धावपळ आणि नातेवाइकांचे सल्ले यांच्या गर्दीत शाखेचा निर्णय पुष्कळदा टक्क्यांवरून दोन दिवसांत उरकला जातो. तो निर्णय शांतपणे आणि माहिती घेऊन व्हावा, यासाठी विद्यालयाने निकालाआधीच हे सत्र ठेवले आहे. त्यात नेमके काय होणार आहे आणि काय होणार नाही, हे आधी कळावे म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

सत्राचे तीन टप्पे आहेत. बुधवार, ८ एप्रिल रोजी सकाळी साडेआठ वाजता विद्यार्थ्यांची अभिक्षमता आणि अभिरुची चाचणी होईल. शनिवार, ११ एप्रिल रोजी सकाळी साडेनऊ ते बारा या वेळेत विद्यालयाच्या सभागृहात पालक व विद्यार्थी यांच्यासाठी एकत्र मार्गदर्शन होईल. त्यानंतर १३, १५, १६ आणि १७ एप्रिल रोजी प्रत्येक विद्यार्थ्याला पालकांसह समुपदेशकांशी वीस मिनिटे स्वतंत्रपणे बोलता येईल. १४ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची सुटी असल्याने त्या दिवशी भेटी नाहीत. या उपक्रमाचा सर्व खर्च माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून होत असून आपल्याकडून कोणतेही शुल्क घेतले जाणार नाही. येणारे समुपदेशक मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आहेत आणि त्यांचा कोणत्याही खासगी शिकवणीशी किंवा महाविद्यालयाशी संबंध नाही, याची विद्यालयाने खात्री करून घेतली आहे. सभागृहाबाहेर कोणालाही पत्रके वाटू दिली जाणार नाहीत.

चाचणीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण तिच्याकडून अनेकांच्या अपेक्षा अवास्तव असतात. अभिक्षमता चाचणीत आकृत्यांचा क्रम ओळखणे, घडी घातलेला कागद उलगडल्यावर छिद्रे कोठे दिसतील हे सांगणे, संख्यांमधील संबंध शोधणे, शब्दांचे अर्थ ओळखणे असे वेळ लावून सोडवायचे भाग असतात. अभिरुची चाचणीत चूक किंवा बरोबर असे काही नसते, तिला वेळेची घाईही नसते. यंत्र उघडून पाहायला आवडते की हिशेब मांडायला, लहान मुलांना शिकवायला आवडते की शेतात काम करायला, अशा प्रश्नांतून मुलाचा कल समजून घेतला जातो. अहवालात दिसणारे आकडे शेकडा गुण नसतात. एखाद्या क्षमतेपुढे ६० लिहिलेले असेल, तर त्या वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे साठ मुलांपेक्षा त्या बाबतीत आपला पाल्य पुढे आहे, असा त्याचा अर्थ होतो. ते गुणपत्रिकेवरचे साठ टक्के समजून मुलावर रागावू नये, ही विनंती. तसेच ‘हा डॉक्टर होईल’ किंवा ‘हिने वाणिज्य शाखाच घ्यावी’ असा निकाल ही चाचणी देत नाही आणि समुपदेशकही देणार नाहीत. मुलाची आवड, क्षमता, घरची परिस्थिती आणि उपलब्ध मार्ग यांची सांगड कशी घालायची, एवढेच ते आपल्याबरोबर बसून पाहतील. अहवाल बंद पाकिटात फक्त पालकांना दिला जाईल. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर तो टाकला जाणार नाही आणि आपणही टाकू नये.

शनिवारच्या मार्गदर्शनाचा बराचसा वेळ अकरावीत निवडलेल्या विषयांचे पुढे काय परिणाम होतात, या एका गोष्टीला दिला आहे. शाखा कोणती यापेक्षा तिच्यातले विषय कोणते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विज्ञान शाखेत गणित सोडून केवळ जीवशास्त्र ठेवले, तर एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट आणि त्यामागोमाग अभियांत्रिकीची वाट बंद होते. जीवशास्त्र सोडले, तर नीट परीक्षेचा आणि पर्यायाने वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागतो. दोन्ही विषय ठेवता येतात, पण त्याचा भार पेलेल का, हे प्रत्येकाने स्वतःपुरते तपासावे लागते. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेण्याकडे अनेकांचा ओढा असतो. सनदी लेखापाल होण्यासाठी त्याने काही अडत नाही, मात्र संख्याशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या मुलाला त्याचा पुढे त्रास होतो. सनदी लेखापाल अभ्यासक्रमाच्या फाउंडेशन पातळीची नोंदणी दहावीनंतर करता येते, परीक्षा मात्र बारावीनंतरच देता येते, हेही पुष्कळांना माहीत नसते. एनडीएबाबतही असेच आहे. लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, परंतु नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागतेच. ज्यांचा तिकडे खरोखर ओढा आहे, त्यांना छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची आणि मुलींसाठी नाशिक येथे असलेल्या अशाच संस्थेची माहिती दिली जाईल.

कला शाखेबद्दल आपल्याकडे अजूनही हलक्या आवाजात बोलले जाते, ते योग्य नाही. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर सीईटी देऊन करता येतो. राज्यसेवा आणि केंद्रीय नागरी सेवा परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा उत्तम श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी त्या प्रमाणपत्रांकडे केवळ दहावीचे वाढीव गुण म्हणून न पाहता दृश्यकलेच्या पदवी अभ्यासक्रमांची चौकशी अवश्य करावी.

अकरावी हा एकच रस्ता नाही, हेही सत्रात ठळकपणे मांडले जाईल. कराडमध्ये शासकीय तंत्रनिकेतन आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था दोन्ही असल्याने आपल्या भागातील मुलांना त्यासाठी घर सोडावे लागत नाही. तंत्रनिकेतनाची अभियांत्रिकी पदविका तीन वर्षांची असते आणि ती पूर्ण केल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ‘डिप्लोमा केला की एक वर्ष वाया जाते’ ही समजूत हिशेबाने तपासावी. बारावी दोन वर्षे आणि पदवी चार वर्षे अशी सहा वर्षे होतात, तर पदविका तीन वर्षे आणि पदवीची उरलेली तीन वर्षे मिळूनही सहाच होतात. शिवाय मध्येच नोकरी करायची वेळ आली, तर पदविकाधारकाच्या हाती काहीतरी असते. आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा जोडारी हे व्यवसाय दोन वर्षांचे असून त्यानंतर कारखान्यात विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी करता येते, तसेच पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही खुली असते. कमी गुण मिळाले म्हणून नाइलाजाने आयटीआय, असा विचार करून मुलाला तेथे पाठवू नये. ज्याला हाताने काम करायला आवडते, त्याच्यासाठी ती पहिली निवड असायला हरकत नाही. शेती असलेल्या कुटुंबांनी कृषी पदविकेबद्दलही अवश्य विचारावे.

अकरावीची प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाली आहे. त्यामुळे पूर्वीप्रमाणे थेट महाविद्यालयात जाऊन अर्ज भरण्याची पद्धत आता कराडमध्येही राहिलेली नाही. पहिल्या वर्षी अर्जात किमान एक आणि कमाल दहा पसंती देता येत होत्या. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते आणि तो न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागत होते. म्हणूनच मित्राने भरले म्हणून तेच महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकणे महागात पडू शकते. ११ तारखेला कार्यालयातील संगणकावर गतवर्षीच्या अर्जाचा नमुना पडद्यावर दाखवून पसंतीक्रम कसा ठरवावा, याचा सराव घेतला जाईल. यंदाचे वेळापत्रक आणि नियम शासनाने जाहीर केल्यावर त्यांची माहिती स्वतंत्रपणे कळवली जाईल. इनहाऊस, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोटा यांतील फरकही त्याच वेळी समजावून सांगितला जाईल.

दाखल्यांचे काम मात्र आजपासूनच हाती घ्यावे. जातीचे प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आवश्यक असल्यास नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आणि दिव्यांग विद्यार्थ्यांचे प्रमाणपत्र यांपैकी आपल्याला लागू असलेली कागदपत्रे जवळ आहेत का, हे पाहावे. पदविकेसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला आरक्षित जागेवर प्रवेश घ्यायचा असल्यास जात वैधता प्रमाणपत्राची चौकशीही आताच करावी. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि त्या वेळी एका सहीसाठी प्रवेशाची फेरी हुकू शकते. दाखल्यावरील नावाचे व जन्मतारखेचे लेखन शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळत नसेल, तर ११ तारखेपूर्वी कार्यालयात येऊन लिपिकांना भेटावे.

एखाद्या विषयात यश न मिळाल्यास काय, हा प्रश्न मुले मोठ्याने विचारत नाहीत. एक किंवा दोन विषय राहिले, तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो आणि पुरवणी परीक्षाही लगेचच होते. या शंकेसाठी सर्वांसमोर हात वर करण्याची आवश्यकता नाही, स्वतंत्र भेटीत ती मोकळेपणाने विचारता येईल.

स्वतंत्र भेटीला आई आणि वडील दोघांनीही यावे, असा माझा आग्रह आहे. घरात निर्णय एकाने घ्यायचा आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचा, असे झाले की मूल दोघांच्या मध्ये अडकते. कामामुळे दोघांना शक्य नसेल, तर मुलाचे शिक्षण ज्यांच्या शब्दावर चालते अशी घरातील कोणतीही मोठी व्यक्ती, आजी-आजोबा, काका किंवा मावशी, आली तरी चालेल. समुपदेशक सुरुवातीची पाच मिनिटे विद्यार्थ्याशी एकट्याने बोलतील, तेव्हा कृपया बाहेर थांबावे. भेटीला येताना नववीची वार्षिक गुणपत्रिका, दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गुणपत्रक, चित्रकला, क्रीडा, एनसीसी किंवा शिष्यवृत्ती परीक्षेची प्रमाणपत्रे आणावीत आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेले निदान तीन प्रश्न आणावेत. ते प्रश्न पालकांनी सांगून लिहून घेऊ नयेत.

भेटीची वेळ ठरवण्यासाठी ६ एप्रिलपर्यंत आपल्या वर्गशिक्षकांकडे नाव नोंदवावे. मसूर आणि उंब्रज बाजूने एसटीने येणाऱ्या पालकांना सकाळी दहानंतरच्या वेळा प्राधान्याने दिल्या जातील. ऊसतोड, वीटभट्टी किंवा परगावच्या कामामुळे ज्यांना या तारखांना येणे शक्य नाही, त्यांनी वर्गशिक्षकांना फोन करून कळवावे, त्यांच्यासाठी रविवार, १९ एप्रिल रोजी सकाळी भेटी ठेवल्या आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मुख्याध्यापिका