गोदामाच्या स्टील शेडच्या करार रकमेत बदल करण्याबाबत

दि. ९ जून

प्रति,
प्रकल्प प्रमुख,
गोदाम विस्तार प्रकल्प

विषय: स्टीलच्या भाववाढीमुळे एकरकमी करारात मर्यादित वाढ मिळण्याबाबत
संदर्भ: स्टील शेडचे फॅब्रिकेशन व उभारणी, करार दि. १८ फेब्रुवारी

स. न. वि. वि.

शेडचे सर्व कॉलम उभे झाले असून बेस प्लेटचे ग्राउटिंगही पूर्ण आहे. काम वेळापत्रकानुसार चालू आहे आणि या पत्राचा निर्णय होईपर्यंत ते थांबणार नाही, हे आधीच सांगतो.

आपला करार एकरकमी आहे. त्यात भाववाढीचे कलम नाही, त्यामुळे वाढीव रक्कम हक्काने मागता येणार नाही याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. नुसत्या भाववाढीला आपत्तीचे कलम लावण्याचाही आमचा विचार नाही. हा मामला परस्पर संमतीचा आहे आणि म्हणूनच आमचा हिशेब जसा आहे तसा आपल्यापुढे ठेवत आहोत.

एकूण स्टील ६० टन. कोटेशन देताना करार रकमेतला त्याचा वाटा ४५ टक्के होता. आगाऊ रक्कम मिळताच कॉलमसाठी लागणारे २४ टन आम्ही जुन्या भावाने उचलले, त्याबद्दल आमचे काहीही मागणे नाही. राहिलेले ३६ टन ट्रस, बीम आणि पर्लिनचे. क्रेनचा भार बदलल्यामुळे त्यांची ड्रॉइंग नव्याने करावी लागली आणि ती मे महिन्यात मंजूर झाली. तो बदल गरजेचाच होता. पण सेक्शनचे माप ठरल्याशिवाय माल घेता येत नव्हता. दरम्यान भाव कोटेशनच्या वेळेपेक्षा ३० टक्क्यांनी चढला. तीन पुरवठादारांकडून दर मागवले, त्यांतला सर्वांत कमी दर इथे धरला आहे.

उरलेल्या स्टीलचा वाटा करार रकमेच्या २७ टक्के आहे, म्हणजे वाढीव बोजा ८.१ टक्के होतो. या कामात आम्ही धरलेला नफा ९ टक्के आहे. सगळा बोजा आमच्यावर आला तर एक टक्काही हाती राहत नाही, आणि छताचा पत्रा, रंग व क्रेनचे भाडे अजून पुढेच आहे. अशा अवस्थेत कंत्राटदार वेल्डिंगच्या तपासणीत किंवा रंगाच्या जाडीत हात आखडता घेऊ लागतो. आपल्या शेडवर ती पाळी येऊ नये असे आम्हाला मनापासून वाटते.

आमचा प्रस्ताव असा. भावातली पहिली ५ टक्के वाढ पूर्णपणे आमची. एवढा चढउतार धंद्यात धरावाच लागतो. त्यावरची वाढ दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. आजच्या दराने आपल्या वाट्याला करार रकमेच्या सुमारे ३.४ टक्के येतात, आमच्या वाट्याला सुमारे ४.७, म्हणजे आमचा निम्म्याहून अधिक नफा यात जातो. वाढीव रकमेवर आम्ही नफा किंवा वरकड खर्च लावणार नाही. भाव आणखी चढला तरी आपला वाटा ४ टक्क्यांपुढे जाणार नाही. खरेदीच्या वेळी भाव उतरलेला असेल तर आपला वाटा त्याच सूत्राने कमी होईल, आणि तो कोटेशनच्या भावापेक्षा ५ टक्क्यांहून अधिक खाली गेला तर त्यापुढची निम्मी बचत आपली. रक्कम पुरवठादाराचे मूळ बिल आणि वजनकाट्याची पावती पाहूनच द्यावी. मजुरी, पत्रा, रंग आणि वाहतूक यांचे दर करारातलेच राहतील.

ही मागणी जगावेगळी नाही. बांधकामात देशोदेशी वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या नमुना करारांतही खर्चातील बदलानुसार किंमत जुळवण्याची तरतूद आढळते.

रक्कम वाढवणे आपल्याला शक्य नसेल, तर दुसरा मार्गही आहे. ३६ टनांचे पैसे आपण थेट पुरवठादाराला आजच्या दराने द्यावेत आणि आमच्या पुढच्या बिलांतून जुन्या दराने वळते करून घ्यावेत. मधला फरक वरच्याच सूत्राने वाटून घेऊ. उधारीवरचे व्याज वाचल्याने पुरवठादार दरात थोडी सूट द्यायला तयार आहे, ती सूट आपलीच. पर्लिनसाठी हलका सेक्शन चालेल का, हेही स्ट्रक्चरल सल्लागारांना विचारता येईल. त्यांनी लेखी मान्यता दिली तरच तो बदल करू. वजन वाचवण्यासाठी मजबुतीशी तडजोड करणार नाही.

सध्याचे कोटेशन १६ जूनपर्यंतच वैध आहे. त्यामुळे १३ जूनपर्यंत आपण, आपले लेखा अधिकारी आणि आम्ही एकत्र बसावे अशी विनंती आहे. साइटवर किंवा आपल्या कार्यालयात, आपण म्हणाल तिथे खरेदीच्या वह्या घेऊन येतो. सहमती झाल्यास एका पानाचे पूरक करारपत्र करून दोघांनी सह्या कराव्यात. मूळ कराराच्या बाकी सर्व अटी, पूर्णत्वाची तारीख आणि विलंबाचा दंड धरून, तशाच राहतील.

कळावे,

आपला विश्वासू,
व्यवस्थापकीय भागीदार
फॅब्रिकेशन व उभारणी कंत्राटदार

सोबत: तीन पुरवठादारांची कोटेशन, २४ टनांच्या खरेदीची बिले, उरलेल्या स्टीलचा सेक्शननिहाय तक्ता