वही भरली, मित्रा

प्रिय मित्रा,

काल तू अर्धमॅरेथॉनची शेवटची रेषा ओलांडलीस तेव्हा मी दोरीच्या अलीकडे उभा होतो आणि माझ्या तोंडून नुसतं "झालं! झालं!" एवढंच निघत होतं. तू हात हलवलास, बाटली तोंडाला लावलीस, आणि पुढे गर्दीत आपलं बोलणं राहूनच गेलं. म्हणून आज सवडीने लिहायला बसलोय. मनापासून अभिनंदन! 2 तास 51 मिनिटं. 21 किलोमीटर आणि वर ते 97.5 मीटर.

त्या 97.5 मीटरवरून आठवलं. सरावात 15 किलोमीटर पहिल्यांदा झाले त्या रविवारी मी सायकलवरून तुला विचारलं होतं, सरळ 21 का नाही ठेवत हे लोक? तू पळता पळताच सांगितलंस, की 1908 च्या लंडन ऑलिम्पिकला मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची धावले, 1921 मध्ये तेच अंतर कायमचं ठरलं, आणि आपलं अंतर त्याच्या बरोबर निम्मं. हे सगळं तू पूर्ण वाक्यांत, मध्ये न अडखळता सांगितलंस. सांगून झाल्यावर म्हणालास, "बघ, बोलता येतंय म्हणजे वेग बरोबर आहे." मला तोवर वाटायचं की सराव म्हणजे दर वेळी जीव तोडून पळायचं. दमछाक न होऊ देता, मुद्दाम हळू पळायलाच जास्त संयम लागतो हे मला तुझ्या शेजारून सायकल चालवताना कळलं. मागून येणारे पुढे निघून जायचे. तू त्यांना जाऊ द्यायचास. मला मात्र दर वेळी वाटायचं, आता हा पाय उचलणार. तू एकदाही उचलला नाहीस.

पहिला दिवस आठवतोय का? एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. 24 मिनिटांत संपलं. घड्याळ वाजलं की पळायचं आणि वाजलं की थांबायचं, हे तू इतकं काटेकोर पाळलंस की सहाव्या फेरीला मी म्हटलं, बरं चाललंय, अजून थोडं पळ की. तू नाही म्हणालास. "आज एवढंच ठरलंय." पुढचे 52 आठवडे हेच वाक्य मी वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं. कधी हुरूप आला असताना, कधी कंटाळा आला असताना, आणि एकदा तर भर पावसात, बुटातलं पाणी ओतून टाकताना.

आता मला एक जुनी गोष्ट काढायची आहे. विसाव्या आठवड्याच्या सुमारास आपण सगळे जमलो होतो. तू आत आलास आणि मी चारचौघांत तुझ्याकडे बघून एक वाक्य बोललो. ते इथे परत लिहीत नाही. मला ते कौतुक वाटलं होतं. तू हसलास, विषय बदललास, आणि निघताना जिन्यात मला एकट्याला म्हणालास, "असं कुणी म्हटलं ना, की मला वाटतं आधीचा मी तुम्हाला खटकत होतो." तुझ्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. घरी जाऊन मी बराच वेळ विचार करत बसलो. पाच महिने तू पहाटे उठत होतास, आणि माझ्या वाक्यात त्यातलं काहीच नव्हतं. ना सरावाच्या नोंदींची वही, ना घड्याळ, ना तुझं ते "आज एवढंच". त्याबद्दल मी तेव्हा जिन्यात घाईघाईने माफी मागितली होती. आज नीट मागतो. माझं चुकलं.

त्यानंतर मी तुला विचारायला लागलो, "आज कसं झालं?" आणि तू सांगायला लागलास. एवढ्याशा प्रश्नातून आपल्यात केवढं बोलणं झालं! चढावर पावलं लहान करायची. उतारावर टाचा आपटायच्या नाहीत. दम लवकर वाढतो, पण स्नायूबंध आणि हाडं सावकाश तयार होतात, म्हणून जोर आला तरी अंतर एकदम वाढवायचं नाही. लांब पल्ल्याच्या आदल्या दिवशी मुद्दाम आराम करायचा, आणि आराम हाही सरावच धरायचा. यातलं मला काही ठाऊक नव्हतं. वयाच्या या टप्प्यावर माझा मित्र एका विषयात इतका मुरलाय आणि मला तो विषय शिकवतोय, याचा मला फार आनंद झाला. तिसाव्या आठवड्यापासून दर रविवारी पाण्याच्या बाटल्या घेऊन सायकलवर यायचं मी ठरवलं, ते म्हणूनच.

आणि नेमकी त्याच्या थोड्याच दिवसांनी ती टाच.

कालच्या रेषेपेक्षा मला ते पाच आठवडे मोठे वाटतात. सकाळचं पहिलं पाऊल जमिनीवर टेकवताना तुझा चेहरा आवळायचा. फिजिओथेरपिस्टने पळणं बंद करायला सांगितलं, आणि सगळी आखणी कोलमडली. मला वाटलं, आता हा चिडेल, नाहीतर चोरून पळेल. मी भेटायला आलो तेव्हा तू जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभा होतास. पायाच्या बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाच पायरीच्या बाहेर मोकळी, एक हात कठड्यावर. तोंडाने मोजत होतास: तीन अंकांत वर, दोन अंक थांब, तीन अंकांत खाली. असं बारा वेळा. मग थोडं थांबून परत बारा. मी आलेलो तुला दिसलं, पण तू मोजणं सोडलं नाहीस, फक्त मानेने बस म्हणालास. एक दिवसाआड हे चाललं होतं. तिथे कुणी टाळ्या वाजवणारं नव्हतं, घड्याळात दाखवण्यासारखा एकही किलोमीटर नव्हता.

पाच आठवड्यांनी परत सुरू केलंस ते पुन्हा एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं इथूनच. त्याआधी तू 12 किलोमीटर सलग पळून चुकला होतास! माझ्याच्याने हे झालं नसतं. मी कुठून तरी मधूनच सुरुवात केली असती. तू मागे जाऊन पहिल्या पानावरचा धडा परत गिरवलास, आणि वर म्हणालास, या वेळी हा सोपा जातोय. त्या सकाळी मला खात्री पटली की तू हे पार पाडणार. तेव्हा बोललो नाही, कारण माझ्या खात्रीचं ओझं तुझ्यावर नको होतं.

तुझी ती वही मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा नीट चाळली. शेवटचे दोन आठवडे सराव कमी करायचा होता आणि तुला चैन पडत नव्हतं, तेव्हा तूच माझ्या हातात दिलीस. पेन्सिलीने लिहिलेली, पुठ्ठ्याचा कोपरा भिजून फुगलेला. तारीख, मिनिटं, आणि पुढे एकच शब्द. "जड." "बरं." "वारा." "छान." "नको होतं." आठवड्याला तीन दिवस धरले तर 156 व्हायला हवे होते, मी मोजले, 137 नोंदी आहेत. टाचेचे 15 दिवस गेले. उरलेले चार दिवस तू गेला नाहीस, आणि त्या चारही दिवसांची तारीख घालून तू पुढे साधी रेघ मारली आहेस. कारण लिहिलेलं नाही, सबबही नाही. पुढच्या तारखेला परत मिनिटं आणि शब्द. ती रेघ मारून दुसऱ्या दिवशी पुढची ओळ लिहिणारा माणूस माझा मित्र आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

कालची एक गोष्ट तुला कदाचित आठवत नसेल. 18 व्या किलोमीटरपाशी मी उभा होतो. तिथे एक पोरगा कडेला कमरेवर हात ठेवून थांबला होता, रडायच्या बेतात. तुझा चालण्याचा मिनिट चालू होता. तू त्याच्याजवळ गेलास, काहीतरी बोललास, आणि तो तुझ्याबरोबर चालायला लागला. तुझं घड्याळ वाजलं तेव्हा तुम्ही दोघेही पळायला लागलात. काय बोललास ते मला ऐकू आलं नाही, पण मला वाटतं मी ते ओळखतो. "आता पुढच्या खांबापर्यंतच." मलाही तू चढावर सायकल ढकलताना हेच म्हणाला होतास.

आता पुढे काय, असं तुला बरेच जण विचारतील. निम्मं झालं, आता पूर्ण मॅरेथॉन कधी, हे तर येणारच. मी विचारणार नाही. तुला पळायचं असेल तर मी सायकल काढीन, आणि नसेल पळायचं तर रविवारची सकाळ आपल्याला नवीन नाही. हे जे झालं ते पुढच्या कशाची तयारी म्हणून नव्हतं. ते तू ठरवलंस आणि केलंस. ते आपल्या जागी पूर्ण आहे.

हा आठवडा जिने जपून उतर. आणि ते पदक कपाटात टाकू नकोस, निदान चार दिवस तरी समोर राहू दे. मला तुझ्याकडे आलो की बघायचंय.

रविवारी नेहमीच्या वेळेला मी येतो. बाटल्या आणत नाही, आपण नुसतं बसू. वही तेवढी बाहेर काढून ठेव. 83 व्या नोंदीपुढे तू एक शब्द लिहून खोडलायस आणि वर दुसरा लिहिलायस, "चाललं" म्हणून. खालचा काही केल्या मला वाचता आला नाही. तो काय होता ते सांग.

तुझाच,
सायकलवाला