डिपॉझिटमधून कापलेल्या पैशांचा हिशेब हवाय

फोंडा, 12 नोव्हेंबर

काका, नमस्कार.

डिपॉझिटचे 27,500 काल अकाउंटला जमा झाले, ते मिळाले. पण आम्ही घर भाड्याने घेताना 45,000 दिले होते, म्हणजे 17,500 कापले गेलेत आणि मेसेजमध्ये नुसतं "पेंटिंग, रिपेरी, लाईट बिल वगैरे कापून" एवढंच होतं. फोनवर विचारलं तर तुम्ही म्हणालात सगळं धरून तेवढेच होतात. ते सगळं म्हणजे नेमकं काय, हेच मला लेखी हवंय, कशाचे किती ते वेगवेगळं लिहून, आणि ज्याचं बिल किंवा पावती असेल त्याचा फोटो.

लाईट बिलाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, ते आम्हीच भरायचं होतं. चावी देताना मीटरचं रीडिंग तुम्ही स्वतः फोटो काढून घेतलंय, त्या रीडिंगपर्यंतचं जे काय होईल ते कापा, फक्त बिलाची कॉपी पाठवा. पाण्याचं बिल आम्ही निघायच्या आधीच भरलंय, पावती खाली जोडलीय, ते यात परत धरलेलं नाही ना तेवढं बघा.

पेंटिंगचं मात्र मला पटत नाही. मागच्या बेडरूमची भिंत ओल येऊन फुगली, खिडकीच्या खालचा रंग पापुद्र्यासारखा सुटून लादीवर पडायचा, कपाट पुढे ओढलं तर मागे काळी बुरशी. हे सगळं जुलैमध्येच फोटोसकट तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं आणि तुमचं उत्तर होतं, "पाऊस जाऊंदे, चवथ झाली की माणूस पाठवतो". माणूस काही आला नाही. बाहेरच्या बाजूने पाणी मुरतंय ते आम्ही कसं थांबवणार होतो? अ‍ॅग्रीमेंटमध्ये पण रोजच्या वापरातली झीज सोडून बाकी नुकसान असंच लिहिलंय, एकदा काढून वाचा. त्यामुळे पेंटिंग पूर्ण घराचं धरलंय की एकाच खोलीचं, पेंटरने किती घेतले, आणि काम झालंय की नुसता अंदाज आहे, हे तिन्ही सांगा.

रिपेरी कसली तेही कळू दे. घर बघायला तुम्ही आणि काकी दोघंही आला होता, नळ, गीझर, पंखे सगळं चालवून बघितलं, तेव्हा काही बोलला नाहीत. आणि वगैरे म्हणून जे काय आहे त्यालाही आकडा असेलच.

हिशेब 25 तारखेपर्यंत याच नंबरवर पाठवा, कागदावर हाताने लिहून फोटो काढला तरी चालेल. त्यात जे आमच्याकडून झालंय ते मी एका शब्दाने न बोलता मान्य करीन, बाकीचे परत करा. फोनवर मात्र नको, मागच्या वेळी दोघांचाही आवाज चढला आणि आकडा काही कळलाच नाही.

काकींना नमस्कार सांगा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची भाडेकरू

सोबत: अ‍ॅग्रीमेंटच्या त्या पानाचा फोटो, भिंतीचे जुलैमधले फोटो, पाण्याच्या बिलाची पावती