पोस्टरसमोर दोन मिनिटं: पाहुण्यांसाठी प्रश्न

नमस्कार. जिना चढण्याआधी हा कागद एकदा वाचा आणि फिरताना हातात ठेवा.

पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात आणि दोन प्रयोगशाळांत मिळून 42 पोस्टरं लावली आहेत. बी.एस्सी. तिसरं वर्ष आणि एम.एस्सी.च्या मुलांचं हे सहा महिन्यांचं काम आहे. प्रत्येकासमोर दोन मिनिटं थांबायचं म्हटलं तरी 84 मिनिटं जातात, म्हणून सगळी बघायची धडपड करू नका. आठ-दहा निवडा, पण तिथं खरंच थांबा आणि काहीतरी विचारा.

तुमच्यात पालक आहेत, तासगाव-पलूसकडचे बागायतदार आहेत, शाळांमधले शिक्षक आहेत, कारखान्यांतले केमिस्ट आहेत. "आम्हाला यातलं काय कळतंय" म्हणून कृपा करून पुढं सरकू नका. मागच्या वर्षी विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजणारी एक मुलगी तीन तास पोस्टरशेजारी उभी होती. बहुतेक जण "छान, छान" म्हणून गेले. शेवटी एका शेतकऱ्यानं विचारलं, "पाणी भरून घेतलंस तेव्हा मोटर किती वेळ चालली होती?" पाइपात साचून राहिलेलं पाणी आणि झऱ्याचं ताजं पाणी यांत फरक पडू शकतो, हे त्यांना रोजच्या अनुभवानं माहीत होतं. तिनं ती वेळ नोंदवलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा त्याच विहिरींवर गेली, मोटर चालू करून दहा मिनिटं थांबली आणि मग नमुने घेतले. आम्ही मार्गदर्शक असून हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

सुरुवात कुठून करायची

"विषय काय आहे?" असं विचारलंत की मूल पाठ केलेलं भाषण सुरू करतं आणि तुमची दोन मिनिटं त्यातच संपतात. विषय वर मोठ्या अक्षरात लिहिलेलाच आहे. त्याऐवजी हे विचारा:

"तुम्हाला नेमकं काय शोधायचं होतं? एका वाक्यात सांगा."

"आम्ही अमुक गोष्टीचा अभ्यास केला" असं उत्तर आलं, तर तेवढ्यावर सोडू नका. "अभ्यास केलात, पण प्रश्न काय होता?" असं पुन्हा विचारा. मुलं क्षणभर अडखळतात, एकमेकांकडं बघतात आणि मग त्यांच्या स्वतःच्या शब्दांत सांगू लागतात. तिथून पुढचं ऐकण्यासारखं असतं.

लगेच दुसरा प्रश्न:

"यातलं तुमच्या हातानं काय काय केलं?"

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. एका पोस्टरमागं दोन-तीन मुलं असतात. काही आकडे त्यांनी स्वतः मोजलेले असतात, काही तयार मिळालेले असतात, काही चाचण्या बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून आणलेल्या असतात. यात लपवण्यासारखं काहीच नाही, फक्त कुठलं काय ते कळायला हवं. शिवाय हा प्रश्न मागं उभ्या असलेल्या, न बोलणाऱ्या मुलाकडं बघून विचारा. बऱ्याचदा रात्री दहापर्यंत टायट्रेशन करत बसलेलं तेच असतं.

मग पोस्टरवरच्या एका आलेखावर बोट ठेवा: "हा मला वाचून दाखवा. आडव्या रेषेवर काय, उभ्या रेषेवर काय, आणि हा ठिपका म्हणजे काय?" आलेख तुम्हाला आधीच समजला असला तरी विचारा. एकच ठिपका नीट समजला की बाकीचा आलेख आपोआप उलगडतो. ठिपक्यांवर उभ्या छोट्या काड्या दिसल्या तर "या काड्या कशाच्या?" हेही विचारा. त्या मोजमापातली कमी-जास्त दाखवतात, पण नेमकं काय दाखवायला काढल्या ते मुलांनी सांगायला हवं. दोन खांबांच्या काड्या एकमेकींत पार घुसलेल्या असतील, तर "मग हा खांब खरोखरच उंच आहे असं कशावरून?" हा अगदी रास्त प्रश्न आहे.

कशाशी तुलना केली?

हे कुठल्याही प्रयोगाला विचारता येतं, पण वनस्पतींच्या अर्कांच्या पोस्टरांसमोर नक्की विचारा. कडुलिंब, तुळस, हळद यांचे अर्क जंतूंवर किती चालतात हे पाहणारी अशी पाच पोस्टरं आहेत. फोटोत गोल काचेच्या बशीत जंतूंचा धुरकट थर दिसेल आणि अर्काच्या चकतीभोवती एक स्वच्छ वर्तुळ. वर्तुळ मोठं म्हणजे जंतूंची वाढ तिथं थांबली. आता हे विचारा: "अर्क कशात काढला होता? नुसत्या त्या द्रवाची चकती ठेवून पाहिली का?" अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल, तर अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं. चकती पुरती वाळली नसेल तर वर्तुळ कडुलिंबाचं की अल्कोहोलचं हे नुसत्या फोटोवरून सांगता येणार नाही. ज्यांनी कोऱ्या द्रवाची चकती ठेवली आहे ती मुलं अभिमानानं त्या बशीवर बोट ठेवतील. तिकडं नीट बघा, त्यांची मेहनत तिथं आहे.

बेदाण्याच्या पोस्टरासमोर बागायतदारांनी थांबायलाच हवं. मुलांनी सोलर ड्रायर बांधून त्याची शेडमधल्या रॅकशी तुलना केली आहे. "दोन्हीकडची द्राक्षं एकाच बागेतली, एकाच दिवशी तोडलेली होती का? डिपिंग सारखंच केलं होतं का?" एवढं विचारलंत तरी पुरे. द्राक्षांची गोडी वेगळी, पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाचं प्रमाण वेगळं, तर वाळण्याचा वेळही वेगळा येणारच. आणि रंगाचं विचाराच. माल लवकर वाळला, पण हिरवा राहिला की तपकिरी पडला, यावर बाजारात भाव ठरतो, हे तुमच्याइतकं आम्हाला माहीत नाही.

किती वेळा? किती ठिकाणी? कधी?

पाण्याच्या पोस्टरांवर भारतीय मानकाची, म्हणजे IS 10500 ची मर्यादा लाल रेषेनं दाखवलेली असेल. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागं 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्यावर सवलत नाही. विरघळलेल्या क्षारांना मात्र दोन मर्यादा आहेत: 500 ची इष्ट, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंतची. म्हणून "ही लाल रेषा दोन्हींपैकी कुठली?" असं विचारा. त्यानंतर: "एका विहिरीचं पाणी किती वेळा तपासलं? पावसाआधी की नंतर?" पाऊस मुरताना शेतातला युरिया खाली जातो आणि विहीर भरल्यावर पाणी पातळही होतं. एका महिन्याच्या एका बाटलीवरून गावाचं पाणी चांगलं-वाईट ठरवता येत नाही. मुलांना हे माहीत असतं, फक्त पोस्टरवर लिहायला जागा उरलेली नसते.

सर्वेक्षणाच्या पोस्टरांना एकच प्रश्न पुरतो: "फॉर्म कुणाकुणापर्यंत पोचला, आणि कुणी भरला नाही?" वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फॉर्म वर्गमित्रच भरतात.

कॉम्प्युटरची पोस्टरं

इथं "97 टक्के अचूक" असे आकडे दिसतील. भारावून जाऊ नका, आणि लगेच शंकाही घेऊ नका. विचारा: "तपासणीसाठी वापरलेले फोटो कुठून आणले?"

पानांवरचे रोग ओळखणाऱ्या प्रोग्रामसाठी मुलं बहुतेक वेळा प्लांटव्हिलेज नावाचा खुला फोटोसंग्रह वापरतात. त्यात 50 हजारांवर फोटो आहेत, पण ते साध्या पार्श्वभूमीवर एकेक पान ठेवून काढलेले. या संग्रहावरच्या 2016 च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात अचूकता 99 टक्क्यांवर गेली होती, पण इंटरनेटवरून घेतलेल्या वेगळ्या फोटोंवर तीच 31 टक्क्यांच्या आसपास आली. म्हणून पुढचा प्रश्न: "आपल्या बागेतल्या, मोबाइलवर काढलेल्या फोटोंवर चालवून पाहिलं का?" पाहिलं असेल तर त्यांचा आकडा 97 पेक्षा कमी असेल. तो कमी आकडा ज्यांनी पोस्टरवर छापलाय, त्यांची पाठ थोपटा.

कृष्णेच्या पुराच्या पोस्टरासमोर सांगलीकर जास्त वेळ थांबणार, हे आम्ही गृहीत धरलंय. आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी, हे इथं लहान मुलालाही माहीत आहे. या दोघींनी पाऊस आणि धरणांच्या विसर्गावरून पातळीचा अंदाज बांधायचा प्रयत्न केला आहे. त्यांना विचारा: "तुमच्या माहितीत मोठे पूर किती?" 2005, 2019, 2021 अशी मोजकीच वर्षं निघतात. नदी पात्रात असण्याचे दिवस हजारो, पूर असण्याचे दिवस बोटांवर मोजण्याइतके. मग "सरासरी चूक एवढी कमी" म्हणताना पुराच्या दिवसांत चूक किती होती, हे वेगळं विचारावं लागतं. त्यांनी तो आकडा काढलाय, खाली उजव्या कोपऱ्यात आहे.

गणिताची तीन पोस्टरं प्रयोगशाळेच्या दाराशी आहेत. तिथं पाटी आणि खडू ठेवलाय. "एक छोटं उदाहरण हातानं करून दाखवाल का?" एवढंच म्हणा.

निघण्याआधी

"काय फसलं?" हे आपुलकीनं विचारा. फसलेल्या बॅचा, बुरशी धरलेल्या बशा, पावसात भिजलेली वही हे पोस्टरवर नसतं, पण सांगताना मुलं खुलतात आणि काम कसं झालं ते तिथंच कळतं. वेळ उरला तर: "आणखी एक महिना मिळाला तर पहिल्यांदा काय कराल?"

"याचा उपयोग काय?" असं सरळ तोंडावर विचारू नका. मूल कोमेजतं आणि घाईघाईत मोठ्या गोष्टी बोलून जातं. "हे कळल्यामुळं कुणाचं कुठलं काम बदलेल?" असं विचारलंत तर खरं उत्तर मिळतं. मार्क किती पडतील, नोकरी मिळेल का, हेही आज राहू द्या.

प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. मुलांना विचार करायला तेवढा वेळ लागतो, आणि आपण मोठी माणसं मध्येच उत्तर सांगून टाकतो. बोलणं मराठीतच करा. पोस्टर इंग्रजीत आहे म्हणून मुलंही इंग्रजीत सुरू होतात. "मराठीत सांग की" म्हटलं तर समजावणं किती सोपं होतं ते दोघांनाही जाणवेल. "माहीत नाही सर" असं कुणी प्रामाणिकपणे म्हणालं, तर "मग ते कसं शोधशील?" असं विचारून थांबा.

प्रत्येक पोस्टरखाली एक पाकीट चिकटवलंय. तुमचा न सुटलेला प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यात टाका, नाव लिहिलं नाही तरी चालेल. सोमवारी त्या चिठ्ठ्या वर्गात वाचणार आहोत. पोस्टर 17 आणि 23 च्या मुलींची दीडला एस.टी. आहे, त्यांच्याकडं आधी जा.