रायगडच्या व्हिडिओची वेळयादी

सर, नमस्कार.

जुन्या व्हिडिओच्या यूट्यूबवरच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट पाठवून तुम्ही नव्या व्हिडिओसाठी वेळा मागितल्या होत्या, ती यादी तयार आहे. घाई असेल तर एवढीच उचलून वर्णनात चिकटवा, बाकीचं सवडीने वाचा.

```
00:00 पाचाड: जिजाऊंची समाधी
03:33 चित दरवाजा
07:08 खुबलढा बुरूज
10:38 महादरवाजा
15:23 हत्ती तलाव
18:06 गंगासागर तलाव आणि मनोरे
22:48 पालखी दरवाजा, मेणा दरवाजा, राणीवसा
28:33 राजसभा आणि राज्याभिषेक
32:38 मेघडंबरी: सिंहासनाची जागा
36:23 नगारखाना
40:58 होळीचा माळ, शिर्काई मंदिर
44:28 बाजारपेठ
51:18 जगदीश्वर मंदिर
56:10 मंदिराचा शिलालेख
57:16 हिरोजींची पायरी
1:00:48 महाराजांची समाधी
1:06:33 टकमक टोक
1:12:13 हिरकणी बुरूज
1:16:05 रोपवे आणि परतीची वाट
```

आता हे आकडे तुमच्या स्क्रीनशॉटशी जुळत नाहीत ते का, ते सांगते. नाहीतर तुम्ही लाल पेन घेऊन बसाल.

तुम्ही म्हणालात की जुना व्हिडिओ काढून नवा चढवताना सुरुवातीची संगीताची पट्टी तेवढी कापली, ४२ सेकंदांची. म्हणून मी आधी सगळ्या वेळांतून ४२ सेकंद वजा केले. नगारखान्यापर्यंत अगदी चोख बसलं. बाजारपेठेला मात्र गडबड झाली: माझ्या हिशोबाने दुकानांच्या जोत्यांसमोर उभे असायला हवेत, तेव्हा तुम्ही बाजारपेठेत बरंच पुढे पोचला होतात. मग स्क्रीनशॉटच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे जुन्या व्हिडिओची एकूण लांबी दिसते, 1:19:42. नव्याची 1:17:50 आहे. म्हणजे फरक ४२ सेकंदांचा नाही, १ मिनिट ५२ सेकंदांचा. उरलेली १ मिनिट १० सेकंदं कुठेतरी मधेच गेली होती.

ती होळीच्या माळावर गेली आहेत. तिथे सहलीच्या मुलांच्या स्पीकरवरचं गाणं तुमच्या आवाजात मिसळत होतं, हे मला जुन्या व्हिडिओवरून आठवतं. नव्यात ते नाही. कापाकापी करणाऱ्या तुमच्या नातवाने तेही कापलं असणार आणि तुम्हाला सांगायचं राहिलं असणार. त्याला रागावू नका, चांगलंच केलं त्याने. तर होळीच्या माळापर्यंतच्या सगळ्या ओळींतून ४२ सेकंद वजा केले आहेत आणि बाजारपेठेपासून पुढे १ मिनिट ५२. प्रत्येक ठिकाणी व्हिडिओ थांबवून पडताळलं आहे.

जुन्या व्हिडिओत वेळा लिहूनही खालच्या पट्टीवर भाग का पडत नव्हते, हे तुम्ही दोनदा विचारलं होतं. स्क्रीनशॉटमध्येच उत्तर होतं. तुमची पहिली ओळ 0:42 ची होती, आणि यूट्यूबला पहिली वेळ शून्यच लागते. आता पाचाड शून्यावर आलंय, तो प्रश्न आपोआप मिटला. दुसरं, मेघडंबरीची ओळ तुम्ही नंतर आठवून नगारखान्याच्या खाली लिहिली होती, आणि वेळा चढत्या क्रमाने असाव्या लागतात. तिसरं, महादरवाजाची वेळ 11.20 अशी टिंब देऊन लिहिली होती. बाकी सगळ्या वेळा निळ्या दिसतात आणि ती एकटीच पांढरी, त्यावरून सापडली. दोन टिंबं हवीत, एक नाही.

चौथी चूक मजेची आहे. शिलालेखाला 58:02 आणि पायरीला 58:09. दोन्हींत सातच सेकंदं, आणि भाग निदान दहा सेकंदांचा लागतो. शिवाय शिलालेखावर सात सेकंदांत तुम्ही थांबाल यावर वर्गातलं कोणीही विश्वास ठेवणार नाही. व्हिडिओत पाहिलं तर पायरी जुन्या हिशोबाने 59:08 ला येते. आठ आणि नऊची अदलाबदल.

दोन जागी स्क्रीनशॉट वाचता येत नव्हता. राजसभेच्या वेळेचा शेवटचा आकडा खाली जायच्या गोल बटणाखाली झाकला गेलाय, 29:1 एवढंच दिसतं. व्हिडिओत तुम्ही सिंहासनाच्या दिशेने वळून ‘६ जून १६७४’ म्हणता, तिथून उलटा हिशोब केला तर तो 29:15 निघाला. हिरकणी बुरुजाची ओळ तर आडवी अर्धी कापली गेली आहे. शेवटचा आकडा पाच की सात कळेना, दोन्हींच्या डोक्यावर रेघ. पाच निघाला. त्याच्याखाली काही लिहिलं होतं का, हे चित्रावरून समजत नाही. शेवटचा रोपवेचा भाग मी ऐकून टाकलाय आणि नावही माझंच आहे. तुमचं वेगळं असेल तर बदला.

फोनने चित्रातून उचललेला मजकूर जसाच्या तसा घेतलेला नाही. त्याने ‘मनोरे’चं ‘मजोरे’ केलं होतं, ‘मेणा’चं ‘मेण’ आणि ‘शिर्काई’चं ‘शिकाई’. (देवी कोपली असती.) सगळी नावं चित्राकडे बघून पुन्हा टाइप केली.

एक बदल मी आपल्या अखत्यारीत केलाय, तो मात्र तुम्ही पाहा. तुम्ही ‘हिरोजी इंदुलकर यांची पायरी’ लिहिलं होतं. मी ‘हिरोजींची पायरी’ केलं. एक तर फोनवर लांब नाव मधेच तुटतं. आणि व्हिडिओत तुम्ही स्वतःच सांगता की ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी’ इथवर एकमत आहे, पुढचं आडनाव काही जण ‘इटळकर’ असं वाचतात. मग नुसत्या भागाच्या नावावरून खाली प्रतिक्रियांमध्ये भांडण कशाला? ज्याला रस आहे तो आतलं ऐकेल. पण तुम्हाला आडनाव हवंच असेल तर तसं घाला, वेळ तीच राहील.

मनोरे आणि गंगासागर एकाच ओळीत ठेवले आहेत, कारण तुम्ही तलावाच्या काठावर उभं राहूनच मनोऱ्यांबद्दल बोलता. राणीवशाला वेगळी ओळ द्यावी असं वाटलं होतं, पण तिथे तुम्ही तीन वेळा पालखी दरवाजाकडे परत वळता. तोडायला जागाच सापडली नाही.

चिकटवताना एवढं करा. तुमचा परिचयाचा परिच्छेद वर राहू द्या, यादी त्याच्या खाली. त्या परिच्छेदात ‘फक्त टकमक टोक पाहायचं असेल तर 1:08:25 वर जा’ असं वाक्य आहे, ते काढून टाका: ती वेळ जुनी आहे, आणि यादीच्या आधी दुसरी वेळ आली की क्रम पुन्हा बिघडेल. प्रत्येक वेळ नव्या ओळीवर, आणि अंक आहेत तसे इंग्रजीच. देवनागरीत करायचा मोह होईल, माहीत आहे मला.

जतन केल्यावर व्हिडिओ उघडून खालची पट्टी पाहा. एकोणीस तुकडे दिसले पाहिजेत. कमी दिसले किंवा एकही दिसला नाही, तर वर्णन पूर्ण उघडून सगळा मजकूर निवडून मला पाठवा. स्क्रीनशॉट नको, सर.

तुमची,
तिसऱ्या बाकावरची